तिरक्या रेघांची ओळ

आमच्या वेधशाळेत निरोपाचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते माझं अक्षर बरं आहे म्हणून. पुढे मी केंद्राची प्रमुख झाले, हाताखाली चार माणसं आली, तरी हे काम काही सुटलं नाही. बारा वर्षांत मी नऊ निरोप लिहिले. आठ सोपे होते. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, एकाने नोकरी सोडून बेकरी काढली. नववा ढगवाल्यांचा होता. त्याने मला रडवलं, आणि मी सहजासहजी रडणारी बाई नाही.

ढगवाले हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी झाकलेत, हे आम्हाला दर तीन तासांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवावं लागतं. आम्ही मान वर करून, डोळे बारीक करून, चार की पाच असा काथ्याकूट करायचो. हे दारातून बाहेर यायचे, जागच्या जागी एकदा गोल फिरायचे आणि आकडा सांगायचे. त्यांचा आकडा चुकला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. लोक ढगवाले म्हणायचे, मी काका म्हणायचे. ते मला साहेब म्हणायचे, निव्वळ चिडवायला, कारण मला या कामाचा श्रीगणेशा त्यांनीच शिकवला होता.

कसा शिकवला तेही सांगते. हिरवळीच्या चौकोनात, चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी. तिच्यात तापमापक. माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला पेटीपुढे उभं केलं आणि म्हणाले, "श्वास धरा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण आकडा."

"उलटं का?"

"तुमच्या अंगाची ऊब लागली की पारा हलतो. पूर्ण अंश कुठे पळून जात नाही. दशांश पळतो."

पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं असतं, तो ओला. ओल्याचा आकडा कोरड्याच्या वर कधीच जात नाही. वाचलेलं खिशातल्या वहीत टिपायचं, आत येऊन हवेचा दाब वाचायचा, मग सगळं मोठ्या नोंदवहीत उतरवून सही करायची. आणि एखादी गोष्ट पाहिलीच नसेल, तर त्या रकान्यात तिरकी रेघ मारायची. रेघेचा अर्थ एवढाच की निरीक्षण झालं नाही. का झालं नाही, याला नोंदवहीत रकाना नाही.

"पाहिलं नाही तर रेघ मारा," काका म्हणायचे. "खोलीत बसून आकडा लिहिणारा माणूस माझ्या लेखी माणूस नाही."

हे 'खोलीत बसून लिहिणं' म्हणजे आमच्या धंद्यातली सर्वांत घाण शिवी. बाहेर पाऊस कोसळतोय, अंगात कणकण आहे, अशा वेळी मागच्या आकड्यावरून पुढचा ठोकून द्यायचा मोह कुणाला होत नाही? तसं केल्याचं कुणी कबूल करत नाही, एवढंच.

काकांची नोकरी एकतीस वर्षांची. लग्नाच्या दिवशी सकाळचं निरीक्षण करून मग मांडवात गेले, असं काकू सांगायच्या, आणि इतक्या वर्षांनंतरही ते सांगताना त्यांच्या आवाजात धार यायची. मुलं झाली नाहीत. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. डबा खाताना ते चवीने खायचे, पण डोळे खिडकीबाहेर. मध्येच एखाद्याला विचारायचे, "किती?" आणि त्या बिचाऱ्याने घास तोंडात तसाच ठेवून बाहेर पळायचं. मी त्यांच्यावर अनेकदा वैतागले आहे. हट्टी होते. जुन्या शाईच्या दौतीसाठी त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

त्या शेवटच्या चार महिन्यांत एक वेगळी गोष्ट झाली. प्रत्येक निरीक्षणाला ते सोबत दुसऱ्या कुणाला तरी नेऊ लागले. "चष्म्याचा नंबर बदललाय. मागून एकदा वाचून बघा आणि तुमचीही सही करा." मला वाटलं, म्हातारा आता जास्तच काटेकोर झाला. कौतुकही वाटलं. शंका मात्र आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग ती सकाळ. आठचं निरीक्षण. सोबत जायचा तो सहकारी, ज्याला आम्ही सगळे जाड्या म्हणतो, त्याची सायकल पंक्चर झाली होती, म्हणून काका एकटेच गेले. मी खिडकीतून पाहत होते. ते पेटीपुढे उभे राहिले, वाचलं, टिपलं. पर्जन्यमापकाकडे गेले. परत पेटीपुढे आले. मग नुसतेच उभे राहिले, हातातल्या वहीकडे बघत. खूप वेळ. आत आले तेव्हा आठ वाजून गेले होते.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यात चेष्टा नव्हती. "वहीत चार आकडे आहेत. कोणता कशाचा, ते मला सांगता येत नाही."

मी वही घेतली. आकडे स्वच्छ होते. दोन तापमानांतला मोठा तो कोरड्याचा, लहान तो ओल्याचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तसं म्हणाले.

"ते तुम्ही जुळवलंत," ते म्हणाले. "मी पाहिलेलं नाही ते."

त्यांनी नोंदवही उघडली आणि एका ओळीत, एकामागून एक, सगळ्या रकान्यांत तिरक्या रेघा मारल्या. खाली नेहमीसारखी सही केली. चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "आजपासून मला बाहेर पाठवू नका," म्हणाले आणि टोपी घेऊन निघून गेले. डबा तिथेच राहिला.

मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. वरच्या कार्यालयाला 'निरीक्षण झालं नाही' असा संदेश पाठवला. मग आठ वीसला मी स्वतः बाहेर गेले, सगळं वाचलं आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. मनात आलं, ती ओळ कोऱ्या कागदाच्या पट्टीने झाकावी आणि वर हे आकडे लिहावेत. एकतीस वर्षांच्या शेवटी अशी ओळ कुणाच्या नजरेला पडू नये. डिंकाची बाटली हातात घेतली होती. तेवढ्यात जाड्या घामाघूम होऊन आला, मी बाटली खाली ठेवली आणि चिठ्ठी खणात टाकली.

आठ दिवसांनी काकू आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या होत्या. विसरण्याचा आजार. हळूहळू वाढत जाणारा, उतार नसलेला. रजेचे कागद बंद पाकिटातून आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले होते, रजा संपली की निवृत्ती. साहेब भला माणूस, त्यांनी फोनवर मला काही विचारलं नाही.

"यांनी निरोप पाठवलाय," काकू म्हणाल्या. "निरोपाच्या कागदात खोटं लिहू नका म्हणाले. आणि खरंही लिहू नका."

"म्हणजे मी करू काय, काकू?"

"ते मला काय माहीत? म्हणाले, कळलं की लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतील. ते मला चालणार नाही. बाकी तुझं तू बघ बाई. लिहिलंस की आधी मला दाखव, तेवढं कर."

काकू गेल्यावर मी पहिलं काम केलं ते नोंदवही तपासायचं. निरोपाआधी तेच महत्त्वाचं होतं. चार महिन्यांची प्रत्येक नोंद मी आपोआप रेघ ओढणाऱ्या यंत्राच्या आलेखाशी ताडून पाहिली. तीन दिवस गेले. रेघांची ती ओळ सोडली तर प्रत्येक ठिकाणी दोन सह्या, आणि एकही आकडा वावगा नाही. मग कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्यांना स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला तेव्हापासून त्यांनी एकही आकडा एकट्याने लिहिला नव्हता. चष्मा हे निमित्त होतं.

आता निरोप. आमच्याकडची रीत अशी की दर दोन महिन्यांनी विभागातल्या सातही केंद्रांची बैठक होते आणि तिथे निरोपाचा कागद वाचला जातो. कागदाच्या सुरुवातीला त्या माणसाने नोंदवहीत लिहिलेली पहिली ओळ, शेवटी त्याने लिहिलेली अखेरची ओळ. मधला मजकूर माझा. वाचून झाला की त्याची एक प्रत प्रत्येक केंद्रात लागते, एक त्या माणसाला मिळते.

मी लिहायला बसले. 'वैयक्तिक कारणास्तव सेवेतून मुक्त होत आहेत.' लिहिलं आणि खोडलं. हे शब्द वाचले की लोकांचे कान टवकारतात. वैयक्तिक म्हणजे काहीतरी भानगड, असाच अर्थ लावतात. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' कुठली वाटचाल? तेही खोडलं. 'त्यांचा हसरा चेहरा सदैव स्मरणात राहील.' हे तर माणूस गेल्यावर छापतात, आणि काका हसरे मुळीच नव्हते. तेवढ्यात जाड्याने भलंमोठं शुभेच्छापत्र आणून सगळ्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. वर रंगीत अक्षरांत 'लवकर बरे व्हा'. त्याला काहीच माहीत नव्हतं, नुसता अंदाज होता. मी ते काढून घेतलं.

"अहो मॅडम, चांगल्या मनाने आणलंय मी," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. पण हे भिंतीवर लागलं की येणारा जाणारा विचारेल, काय झालंय? तू काय सांगशील?"

"मला माहीत नाही म्हणेन."

"मग तो विचारेल, माहीत नाही तर बरे व्हा कसं म्हणता?"

जाड्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "मॅडम, न बोलूनही भागत नाहीये. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? नाकवाले काय बोलतायत ते?"

नाकवाले म्हणजे नदीकाठच्या केंद्राचे ज्येष्ठ निरीक्षक. नाक लांब, आणि ते दुसऱ्याच्या कारभारात खुपसायची हौस त्याहून लांब. फोनवर ते सगळ्या केंद्रांना सांगत होते: एकतीस वर्षांचा माणूस एका सकाळी चाव्या टाकून जातो आणि केंद्राची बाई तोंडाला कुलूप लावून बसते, याचा अर्थ काय? म्हातारा पकडला गेला. खोलीत बसून लिहीत होता.

आजार झाकण्यासाठी मी जो शब्द गाळत होते, त्या रिकाम्या जागेत लोक चोरी भरत होते. सांगावं तर काकांनी बजावून ठेवलेलं. न सांगावं तर ज्या माणसाने आयुष्यात एक आकडा मनाने लिहिला नाही, त्याच्या कपाळी तोच शिक्का. आणि रीतीप्रमाणे कागदाच्या शेवटी काय वाचायचं? रेघा. सात केंद्रांसमोर रेघांची ओळ. मग नाकवाले विचारणारच, का?

मी मजकूर कसाबसा पुरा केला. त्यात मी पाहिलेलं तेवढंच ठेवलं. शेवटची ओळ मात्र गाळली आणि तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेले.

काका दारातच होते. चांगला दिवस होता तो. मला ओळखलं, "या साहेब" म्हणाले. काकूंनी चहा ठेवला. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचला, पेन मागितलं आणि दोन वाक्यं खोडली. एकात मी त्यांना 'आदर्श' म्हटलं होतं, दुसऱ्यात 'अविस्मरणीय'.

"शेवटची ओळ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काका, ती राहू दे या वेळी."

"का?"

"लोक विचारतील."

"काय विचारतील?"

काकू ओट्याजवळ पाठ करून उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत.

"पहिली आहे ना? मग शेवटची हवी," ते म्हणाले. "नोंदवहीत आहे ते वाचायला लाजायचं कशाला? मी काही पुसलेलं नाही तिथे. आणि कुणी विचारलंच, तर सांगा, त्यांना विचारा. पत्ता द्या माझा. आला तर चहा पाजू."

मग त्यांनी मला विचारलं, चहा घेतला का. मी कप दाखवला. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाखवला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

बैठकीच्या दिवशी लांब टेबलाभोवती सोळा-सतरा माणसं होती. खिडक्यांना निळे पडदे, मध्ये पाण्याचे तांबे. नाकवाले माझ्या अगदी समोर, हाताची घडी घालून. विभागाच्या साहेबांनी मान हलवली आणि मी उभी राहिले. मी वाचलं ते इथे जसंच्या तसं देते.

"पहिली नोंद, एकतीस वर्षांपूर्वीची, सकाळी आठ. कोरडा तापमापक बावीस पूर्णांक चार. ओला एकोणीस पूर्णांक सात. ढग आठांपैकी सहा. आमचे सहकारी आता केंद्रावर येणार नाहीत. त्यांनी सुमारे वीस हजार वेळा दार उघडून बाहेर पाहिलं. त्यांनी आमच्यापैकी अकरा जणांना आधी दशांश वाचायला शिकवलं. त्यांच्या नोंदवहीत खाडाखोड नाही. शेवटच्या चार महिन्यांतल्या त्यांच्या आकड्यांच्या प्रत्येक नोंदीवर, त्यांच्याच आग्रहावरून, दोन सह्या आहेत, आणि त्या सर्व नोंदी आलेखाशी ताडून पाहिल्या आहेत. त्या बरोबर आहेत. त्यांना भेटावंसं वाटेल त्यांनी घरी जावं, ते दुपारी चारनंतर असतात. आम्हाला त्यांची उणीव भासते. शेवटची नोंद, याच वर्षीची, सकाळी आठ."

इथे मी थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"कोरडा तापमापक, तिरकी रेघ. ओला, तिरकी रेघ. पाऊस, तिरकी रेघ. दाब, तिरकी रेघ. ढग, तिरकी रेघ."

मी कागद खाली ठेवला आणि नाकवाल्यांच्या प्रश्नाची वाट पाहू लागले. त्यांनी हाताची घडी सोडली होती.

"खाली सही आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"त्यांचीच?"

"त्यांचीच. माझ्यासमोर केली."

ते खिडकीकडे वळले. मग कुणाकडेही न पाहता म्हणाले, "अशी ओळ मीही लिहायला हवी होती. दोनदा. पाय मोडला होता तेव्हा एकदा, आणि भाऊ गेला त्या दिवशी. मी आकडे लिहिले."

टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला आपापली सकाळ आठवत असणार. मला माझी आठवत होती, डिंकाची बाटली आणि सगळं. जो खोलीत बसून लिहितो, तो रेघा मारत नाही, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मी जी ओळ माया म्हणून झाकायला निघाले होते, ती झाकली असती, तर त्यांची बाजू मांडायला माझ्याकडे काहीही उरलं नसतं. का, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत कुणी विचारला नाही. साहेबांनी चहा मागवला. निघताना नाकवाल्यांनी माझ्याकडून पत्ता लिहून घेतला, आणि ते खरंच गेले. काकू सांगत होत्या, दोघं तासभर अंगणात बसले, फारसं बोलले नाहीत, आणि बोलले ते साध्या आवाजात.

प्रत द्यायला मी पुढच्या आठवड्यात गेले. निघताना खणातली ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली होती. त्या दिवशी काकांना मी कोण ते पटकन लक्षात आलं नाही. काकूंनी सांगितलं, तेव्हा "हं, हं" म्हणाले, पण ते सौजन्याने. त्यांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून एकेक रेघ मोजल्यासारखं केलं.

"त्या दिवशी किती होते?" त्यांनी विचारलं.

"काय, काका?"

"ढग."

खोटं बोलायचं नव्हतं. मी चिठ्ठी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "मी पाहिले होते. तीन होते. पण आठ वाजता नाही, आठ वीसला."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. माझ्याकडे पाहिलं, तसं ते पूर्वी पहिल्या दिवसाच्या शिकाऊ मुलांकडे पाहायचे.

"मग ते लिहायचं नाही," ते म्हणाले.

"नाही लिहिलं," मी म्हणाले.